१६ मजले, मजल्याला दोन फ्लॅट: सॉइल स्टॅक ११० पुरेल की १६० लागेल?

शाफ्टकन्या

नमस्कार मंडळी. १६ मजली निवासी इमारत, खाली पार्किंग. एका शाफ्टला प्रत्येक मजल्यावर दोन फ्लॅटचं एकेक बाथरूम आणि एकेक स्वयंपाकघर लागतं. बाथरूममध्ये ६/३ लिटरचा ड्युअल फ्लश कमोड, बेसिन, शॉवर आणि नहाणी ट्रॅप. स्वयंपाकघराकडून सिंक आणि वॉशिंग मशीन. सॉइल आणि वेस्ट वेगळे स्टॅक, सोबत एक व्हेंट. मजल्याची उंची ३ मीटर.

आयपीसी या आंतरराष्ट्रीय प्लंबिंग संहितेच्या तक्त्यांवरून केलेला हिशोब असा: कमोड ४, बेसिन १, शॉवर २, नहाणी ट्रॅप २, एकूण ९ डीएफयू, म्हणजे सांडपाण्याचा भार मोजायचे ड्रेनेज फिक्स्चर युनिट. दोन बाथरूम, १६ मजले, म्हणजे २८८. तक्त्यात ४ इंचासमोर १६० आणि ५ इंचासमोर ३६० दिसतात. ५ इंची माल सहज मिळत नाही, म्हणून सॉइल स्टॅक १६० मिमीचा धरला. आता आर्किटेक्ट म्हणतात की १६० चा पाइप, त्याचे वाय आणि क्लीनआउट शाफ्टमध्ये बसणारच नाहीत.

दुसरं, वेस्टचं: सिंक २, मशीन २, म्हणजे मजल्याला ८ आणि एकूण १२८. हा स्टॅक ७५ मध्ये भागेल का?

ओळंबा

११० पुरतो, आणि सॉइलला भरपूर जागा शिल्लक ठेवून पुरतो. तुमचा आकडा दोन ठिकाणी फुगलाय आणि वर रकाना चुकलाय.

आधी आकडा. घरगुती वापराच्या, ६ लिटर किंवा त्याहून कमी पाण्याच्या कमोडला ३ डीएफयू आहेत. ४ हा त्याहून जास्त पाणी सोडणाऱ्या टाकीसाठी. नहाणी ट्रॅपचे २ वेगळे धरू नका, कारण त्यातून जातं ते शॉवरचंच पाणी. एकच पाणी दोनदा मोजलं गेलंय. मग उरतात ३+१+२ = ६. शिवाय कमोड, बेसिन आणि शॉवर एकाच बाथरूमचे असतील तर पूर्ण गटाला ५ धरायची मुभा तक्ताच देतो. एक माणूस तिन्ही गोष्टी एकदम वापरत नाही, एवढाच त्यामागचा विचार.

म्हणजे मजल्याला १० आणि पूर्ण स्टॅकला १६०.

आता रकाना. तुम्ही वाचलेले १६० आणि ३६० हे आडव्या ब्रँचचे आकडे आहेत. त्याच ओळीत पुढे स्टॅकचे तीन रकाने आहेत. ४ इंचासाठी एका ब्रँच इंटरव्हलमधून येणारा भार ९० पर्यंत, तीन किंवा कमी इंटरव्हलच्या स्टॅकला एकूण २४०, आणि तीनहून जास्त असतील तर एकूण ५००. तुम्हाला लागू पडतात ९० आणि ५००. तुमचा भार १० आणि १६०.

दोन्ही आकडे तपासायचे, नुसती बेरीज नाही. इंटरव्हलची मर्यादा अशासाठी की एकाच पातळीवर फार पाणी घुसलं तर ते भिंतीला धरून खाली सरकण्याआधीच पाइपचा मधला भाग भरून टाकतं. दोन्ही फ्लॅटच्या ब्रँच एकाच मजल्यावर अर्धा-पाऊण फूट वर-खाली जोडल्या तरी तो एकच इंटरव्हल, कारण वेगळा मोजायला उभं अंतर किमान ८ फूट, म्हणजे सुमारे २.४ मीटर लागतं.

पाना१४

११० बरोबर आहे, पण ते ५०० डोक्यातून काढा. ४ इंचाच्या उभ्या पाइपला २५६ युनिट, त्यापुढे नाही. इतकी वर्षं हेच वापरतात सगळे.

आणि एक महत्त्वाचं कुणी बोललंच नाही. १६ मजल्यांवरून मैला सरळ खाली सोडला तर तळाला काय वेगाने येईल विचार करा. दर चार-पाच मजल्यांवर एक ऑफसेट द्यायचा, वेग मोडतो. नाहीतर खालचा बेंड फुटतो.

ओळंबा

पाना१४, २५६ बरोबर आहे, पण तो यूपीसीचा. त्या संहितेत इंटरव्हलचे रकाने नाहीत, उभ्या पाइपला थेट एक कमाल आकडा आहे. तिकडचा फिक्स्चरचा तक्ताही थोडा वेगळा आहे, उदाहरणार्थ घरगुती वॉशिंग मशीनला २ नाही तर ३. एका संहितेचे युनिट घेऊन दुसरीची मर्यादा लावायची नाही. इथे १६० दोन्हीकडे बसतात म्हणून फरक पडला नाही, एवढंच.

ऑफसेटचं मात्र मान्य नाही. त्यावर कुणीतरी आकडे मांडा, मी संध्याकाळी येतो.

वर्गमूळ

मी मांडतो.

पाणी पोकळीतून दगडासारखं पडत नाही. ते पाइपच्या आतल्या भिंतीला कड्यासारखं चिकटून उतरतं आणि मधून हवा वाहते. भिंतीचं घर्षण वजनाला तोलून धरलं की वेग वाढायचा थांबतो. वायली आणि ईटन यांची यासाठीची सूत्रं सगळीकडे वापरतात (इंच, अमेरिकन गॅलन प्रति मिनिट, फूट):

```
Q = 27.8 * r^(5/3) * d^(8/3)
V = 3.0 * (Q/d)^(2/5)
L = 0.052 * V^2
```

`r` म्हणजे छेदाचा किती हिस्सा पाण्याने भरलाय. वरची मर्यादा ७/२४ धरली, तर ४ इंचात Q सुमारे १४३ गॅलन येतो, म्हणजे सेकंदाला ९ लिटर. V येतो १२.५ फूट, म्हणजे सेकंदाला ३.८ मीटर. आणि या वेगाला पोहोचायला लागणारी उंची L सुमारे ८ फूट, म्हणजे अडीच मीटर. एक मजलासुद्धा नाही. सोळाव्या मजल्यावरचं पाणी तळाला ज्या वेगाने येतं, जवळपास त्याच वेगाने तिसऱ्या मजल्यावरचंही येतं.

आता ऑफसेट दिला तर? ३.८ मीटर वेगाचं पाणी आडव्या पाइपात वळतं, एकदम मंदावतं आणि उसळून पाइप भरून टाकतं. हवेची वाट तिथेच बंद होते. वर दाब वाढतो, खाली ओढ निर्माण होते. एकच त्रास तळाला होता, तो तुम्ही चार ठिकाणी वाटून दिला.

तळाचा बेंड फुटतो हे खरं आहे, पण तो बहुतेक वेळा आधाराविना लटकत असतो म्हणून. ९० चा एक आखूड बेंड न वापरता ४५ चे दोन घ्या, मध्ये थोडा सरळ तुकडा ठेवा आणि खालून पक्का आधार द्या.

पाना१४

सूत्र ठीक आहे. पण काही कामांत ऑफसेट टाळताच येत नाही, खालचा प्लॅन बदललेला असतो.

वर्गमूळ

तेव्हा द्यावाच लागतो. मग तो आडवा तुकडा स्टॅकच्या नव्हे, तर आडव्या ड्रेनच्या तक्त्याने काढायचा, आणि ऑफसेटच्या खालचा स्टॅक ऑफसेटपेक्षा लहान ठेवायचा नाही. ४५ अंशांचा तिरका सरकाव असेल तर तो सरळ स्टॅकसारखाच धरतात.

सी_विंग

माफ करा, मध्येच विचारतो. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नहाणीतून फेस वर येतो. सकाळी जास्त. म्हणजे आमचा स्टॅक लहान टाकलाय असंच ना? बदलून १६० करायला सांगू का कमिटीला?

ओळंबा

सी_विंग, फेस आला म्हणून पाइप लहान असं नाही. काय येतं आणि कधी येतं ते आधी बघा. वरच्यांची मशीन चालू असताना फेस आणि बुडबुडे येतात आणि नंतर आपोआप बसतात, तर तो तळाच्या बेंडजवळचा दाब. पाणी खाली दबून पुढे जातं, फेस हलका असल्याने हवेबरोबर मागे ढकलला जातो आणि जवळच्या पहिल्या ट्रॅपमधून बाहेर पडतो. गढूळ पाणी चढून तसंच राहत असेल, तर पुढची आडवी लाइन तुंबली आहे. आणि वरून फ्लश झाल्यावर ट्रॅपचं पाणीच नाहीसं होऊन वास येत असेल, तर ओढ बसते आहे, व्हेंट तपासा.

तुमचं पहिलं लक्षण दिसतंय. उपाय म्हणजे पहिल्या मजल्याची जोडणी त्या स्टॅकवरून काढून वेगळ्या पाइपने पुढच्या ड्रेनला किंवा चेंबरला नेणं. अख्खा स्टॅक १६० चा केलात आणि जोडणी बेंडच्या शेजारीच ठेवलीत तर फेस येतच राहील.

शाफ्टकन्या, हे तुम्हालाही लागू. सगळ्यात खालच्या निवासी मजल्याच्या ब्रँच, निदान वेस्टच्या तरी, स्टॅकला जोडू नका. स्वतंत्र खाली आणा आणि आडव्या लाइनला स्टॅकच्या पायापासून किमान दहा व्यास पुढे जोडा, ११० च्या पाइपला १.१ मीटर. इंग्लंडच्या नियमांत पाचहून जास्त मजले असतील तर तळमजला वेगळा काढतात आणि वीसच्या वर तळ व पहिला दोन्ही. डीएफयूची बेरीज कितीही कमी असली तरी हा मुद्दा सुटत नाही, कारण तो भाराचा नाहीच.

शाफ्टकन्या

खूप आभार. रकान्याची चूक कळली. आता दोन गोष्टी राहिल्या. वेस्टच्या ७५ चं काय? आणि पार्किंगच्या छताखालून दोन्ही स्टॅक एकत्र करून ९ मीटर लांब बाहेरच्या चेंबरला न्यायचे आहेत. तोही ११० चालेल ना? बीम आडवे येतात, १०० मिमीपेक्षा जास्त उतार द्यायला जागा नाही.

वर्गमूळ

खरी अडचण इथे आहे.

स्टॅकमध्ये पाणी स्वतःच्या वजनाने पडतं, म्हणून ४ इंचात ५०० युनिट मावतात. आडवं झालं की फक्त उतार ओढतो. त्याच ४ इंचाला १ टक्का उतारावर १८० आणि २ टक्क्यांवर २१६ एवढेच. तुमचे सॉइलचे १६० आणि वेस्टचे १२८ मिळून २८८ होतात. ११० कुठल्याच व्यवहार्य उताराला बसत नाही, ४ टक्के दिले तरी २५०.

६ इंचाला १ टक्क्यावर ७००. म्हणून एकत्र न्यायचं तर दोन्ही मिळतात तिथून पुढे १६०, उतार १ टक्का, ९ मीटरला ९० मिमी. तुमच्या १०० मध्ये बसतं. पाइप जाड झाल्याने बीमखालची उंची ५० मिमी जास्त जाईल, ती बघून घ्या.

पाना१४

किंवा एकत्र करूच नका. सॉइलचे १६० युनिट, ११० च्या १ टक्क्याला १८० बसतात. वेस्ट १२८, तेही बसतं. दोन ११० समांतर न्या, चेंबरमध्ये भेटू द्या. स्वयंपाकघराच्या लाइनला चिकट थर धरतो, ती तुंबली तर कमोड तरी चालू राहतात. आणि १६० मध्ये रात्रीचं एकटंदुकटं फ्लशचं पाणी पातळ पसरतं, मैला जागेवर बसतो.

ओळंबा

हा मुद्दा पाना१४ चा चांगला आहे. माझं मत थोडं वेगळं. १८० पैकी १६० म्हणजे जवळपास काठावर. बसवताना उतार १ टक्क्याऐवजी कुठे पाऊण टक्का झाला की ४ इंचाला तक्त्यात आधारच उरत नाही, आणि छताला लटकवलेल्या लाइनमध्ये हँगरच्या मध्ये पाइप झोल खातोच. दोन पाइप न्यायचे तर हँगर जवळ घ्या आणि प्रत्येक तुकड्यावर लेव्हल लावा. एकच १६० असेल तर भाराची चिंता नाही, पण बीमखाली जागा आणि सफाईची तोंडं हवीत. दोन्हीपैकी काय, ते जागेवर ठरेल.

७५ बद्दल. तक्त्यात ३ इंचाच्या स्टॅकला एका इंटरव्हलला २० आणि एकूण ७२. तुमचे मजल्याला ८, म्हणजे इंटरव्हल पास, पण वरून मोजत नवव्या मजल्याला ७२ पूर्ण. भार वरून खाली वाढतो म्हणून वरचा भाग लहान आणि खालचा मोठा ठेवायची परवानगी आहे, फक्त खालच्या व्यासाच्या निम्म्याहून लहान नको. म्हणजे कागदावर वरचे नऊ मजले ७५ आणि खाली ११० बसतं.

मी तसं करणार नाही. बाजारातला ७५ हा बाहेरचा व्यास आहे. भिंत वजा केली की आत ६९ ते ७१ मिमी उरतात. तक्त्यातला ३ इंच म्हणजे आतून ७७-७८. क्षमता व्यासाच्या ८/३ घाताने बदलते, त्यामुळे लिटरांत पाव हिस्सा गेलाच. डीएफयू नेमके त्याच प्रमाणात उतरत नाहीत, तरी ७२ काठोकाठ भरायला मी धजणार नाही. ११० चं तसं नाही, आत १०३ ते १०६ मिळतात, म्हणजे खरे ४ इंच. वेस्ट वरपासून खालपर्यंत ११० घ्या. मधे रिड्यूसर नाही, स्लीव्ह सगळ्या एकाच मापाच्या.

मृगजळ

उशिरा आले. एक पडताळणी देते, कारण फक्त एका तक्त्यावर विसंबणं मला पटत नाही. युरोपीय मानक १२०५६ मध्ये युनिटऐवजी थेट प्रवाह काढतात:

```
Q = K * sqrt(ΣDU)
```

घरांसाठी K ०.५. ६ लिटर कमोड २.०, बेसिन ०.५, बूच नसलेला शॉवर ०.६, म्हणजे बाथरूमला ३.१. बत्तीस बाथरूमचे ९९.२, वर्गमूळ ९.९६, Q आला सेकंदाला ५ लिटर.

१०० मिमी स्टॅकला वेगळा व्हेंट असेल तर सरळ काटकोनी जोडणीला ५.६ आणि गोलाईच्या जोडणीला ७.३ लिटर चालतात. वेगळा व्हेंट नसेल तर तेच ४.० आणि ५.२ होतात. म्हणजे शाफ्टमध्ये जागा नाही म्हणून कुणी व्हेंट काढून टाकला आणि काटकोनी टी वापरले, तर हाच ११० नापास. आयपीसीच्या ५०० मधले १६० पाहून हे कळत नाही. ते ५०० व्हेंट असलेल्या स्टॅकचे आहेत, व्हेंट नसलेल्या एकेरी स्टॅकला तिथेही वेगळा तक्ता आहे आणि उंची वाढली की त्यातले आकडे झपाट्याने उतरतात.

वेस्टची बेरीज सिंक ०.८ आणि मशीन ०.८ धरून ५१.२, प्रवाह ३.६. पण एकत्र लाइनचा प्रवाह ५ + ३.६ नाही. आधी युनिट मिळवायचे, १५०.४, मग वर्गमूळ. ६.१ लिटर. लिटर थेट मिळवण्याची चूक फार दिसते.

शाफ्टकन्या

व्हेंट आहेच, ७५ चा दाखवलाय. तो बरोबर?

वर्गमूळ

आयपीसीत ४ इंची स्टॅकसाठी व्हेंटच्या ओळी १४० आणि ३२० डीएफयूच्या आहेत. तुमचे १६०, म्हणून ३२० ची ओळ. तिथे ३ इंची व्हेंटला जास्तीत जास्त १७० फूट लांबी, म्हणजे ५१.८ मीटर. तुमचे १६ मजलेच ४८ मीटर. गच्चीच्या वरचा तुकडा आणि तळाशी स्टॅकला जोडणारा तुकडा धरून मोजा, कारण लांबी जोडणीपासून उघड्या तोंडापर्यंत असते. कशीबशी बसते.

शिवाय दहापेक्षा जास्त इंटरव्हल असल्याने वरून मोजत दर दहाव्या इंटरव्हलला रिलीफ व्हेंट लागेल. सोळापासून खाली दहावा म्हणजे सातवा मजला. खालचं टोक त्या मजल्याच्या ब्रँचच्या खाली स्टॅकला वायने, वरचं टोक व्हेंटला त्या मजल्याच्या लादीपासून किमान ९१४ मिमी वर, सव्वानऊशे धरा.

ओळंबा

आणि ७५ आतून ७० आहे, हे व्हेंटलाही लागू. मी ११० करीन.

पाना१४

व्हेंटमधून नुसती हवा जाते हो. ७५ ठेवा, ११० चे तीन पाइप त्या शाफ्टमध्ये गेले तर क्लॅम्प मारायला हात जाणार नाही. तळाशी जोडणी सरळ आणि आखूड ठेवली की लांबी बसते.

मृगजळ

सॉइल आणि वेस्ट दोघांना मिळून एकच व्हेंट आहे ना? मग पाना१४, १६० नाही, २८८ धरायला हवेत. ओळ ३२० चीच राहते, पण दोन स्टॅकची हवा त्या एका ७० मिमीतून. मला ते पटत नाही.

शाफ्टकन्या

हो, दोघांना एकच आहे. सॉइल ११०, वेस्ट ११०, सगळ्यात खालचा मजला वेगळा, सातव्यावर रिलीफ, एवढं पक्कं करते. व्हेंट ११० चा घालून शाफ्टचा छेद पुन्हा काढते आणि क्लॅम्पला किती जागा उरते ते इथे टाकते. पार्किंगमधले बीम जागेवर मोजून आले की एक १६० की दोन ११० तेही.